चिन्ह नेमकं कुठे चुकलं? मुलांच्या वहीतली पहिली चूक शोधताना

लालबागला आमच्या चाळीतल्या खोलीत संध्याकाळी सातला आठवी-नववीची दहा-बारा मुलं अभ्यासाला बसतात. दर जूनला कुणीतरी नवीन मदतीला येतं, कधी कॉलेजातली मुलगी, कधी नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. पहिल्या आठवड्यात सगळे एकाच पद्धतीने वह्या तपासतात. शेवटचं उत्तर बघायचं, चुकलं असेल तर त्यावर लाल फुली मारायची आणि बाजूला लिहायचं, ‘चिन्हांकडे लक्ष दे’. मूल वही हातात घेतं, फुलीकडे बघतं, सगळं खोडतं आणि पुन्हा तीच चूक करून आणतं. त्यात त्याचा काय दोष? गणितात पंधरा-वीस चिन्हं आहेत, त्यातल्या कुठल्याकडे लक्ष द्यायचं ते त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

हा लेख अशा नवीन येणाऱ्यांसाठी आहे, आणि घरी मुलाची वही उघडून बसणाऱ्या आईबाबांसाठीही. यात एकच काम शिकायचं आहे. मुलाने सोडवलेल्या समीकरणात पहिली चिन्हाची चूक कुठल्या ओळीत, कुठल्या पदावर झाली हे खात्रीने शोधायचं आणि ते मुलाला कळेल असं सांगायचं.

एक खरी वही समोर ठेवू. नववीतल्या एका मुलीने हे असं सोडवलं होतं. ओळींचे क्रमांक माझे.

```
1)  (3x + 1)/4 − (x − 3)/2 = 4
2)  (3x + 1) − 2(x − 3) = 16
3)  3x + 1 − 2x − 6 = 16
4)  x − 5 = 16
5)  x = 16 − 5
6)  x = 11
```

आधी स्वतः सोडवा, तिची वही झाकून

वही वाचत वाचत चूक शोधायला जाऊ नका. निदान सुरुवातीला तरी नाहीच. गणित आपल्याला येत असतं, त्यामुळे डोळे कागदावर जे आहे ते न वाचता जे असायला हवं ते वाचतात. करी रोडहून डोंबिवलीच्या स्लो लोकलमध्ये उभ्याने वह्या तपासताना मी अशा कितीतरी ओळींवर ‘बरोबर’ची खूण केली आहे आणि दुसऱ्या दिवशी ती मलाच खोडावी लागली आहे.

म्हणून वेगळ्या कागदावर गणित सोडवा आणि मूळ समीकरणात ताळा करा. इथे उत्तर x = 9 येतं. ताळा असा: 3 × 9 + 1 म्हणजे 28, भागिले 4 म्हणजे 7. 9 − 3 म्हणजे 6, भागिले 2 म्हणजे 3. 7 − 3 = 4. जमलं. ताळा मूळ समीकरणातच करायचा, आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत नाही. नाहीतर आपलीच चूक आपल्याला दिसणार नाही.

आता हातात 9 आहे, आणि पुढचं सगळं काम याच आकड्याचं.

वरून खाली, प्रत्येक ओळीत 9

बरोबर उत्तर हे प्रत्येक बरोबर ओळीत बसतं. दोन्ही बाजूंना चारने गुणलं, कंस सोडवला, दोन्ही बाजूंत काही मिळवलं, यातलं काहीही नीट केलं तर x ची किंमत बदलत नाही. म्हणून वरून एकेक ओळ घ्यायची, तिच्यात x च्या जागी 9 घालायचे आणि डावी बाजू उजवीइतकी येते का ते पाहायचं. ज्या ओळीत पहिल्यांदा बसत नाही, तिच्या आणि तिच्या वरच्या ओळीच्या मध्ये पहिली चूक झालेली असते.

पहिल्या ओळीचा ताळा झालेलाच आहे. दुसरी ओळ: 28 − 2 × 6 = 28 − 12 = 16. उजवीकडेही 16, म्हणजे छेद तिने नीट घालवले. पुष्कळ मुलं इथेच उजवीकडचे 4 तसेच ठेवतात. हिने ठेवले नाहीत, हे तिला सांगायला हवं.

तिसरी ओळ: 27 + 1 − 18 − 6 = 4. उजवीकडे मात्र 16. इथे तुटलं.

म्हणजे चूक दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत जाताना झाली आहे. ओळ सापडली, पण त्या ओळीत चार पदं आहेत. त्यातलं कुठलं?

तफावतीचं निम्मं करा

ही युक्ती मला फार उशिरा कळली. त्याआधीची कित्येक वर्षं मी पदं एकेक करून तपासत बसायचे. डावी बाजू 16 यायला हवी होती, आली 4. तफावत 12. एखाद्या पदाचं फक्त चिन्ह उलटं झालं असेल तर तफावत नेहमी त्या पदाच्या दुप्पट येते, कारण जे मिळवायचं होतं ते मिळवलं नाही आणि वर तेवढंच वजाही केलं. म्हणून 12 चं निम्मं करा. 6. तिसऱ्या ओळीत 6 आहे का? आहे, शेवटचं पद, आणि त्याच्यामागे उणे आहे. बाजू कमी पडली आहे, म्हणजे ते अधिक 6 असायला हवं होतं. घालून पाहा: 27 + 1 − 18 + 6 = 16. सापडलं.

या ओळीत x = 9 असताना पदांच्या किमती 27, 1, 18 आणि 6 आहेत. म्हणून एकाच पदाचं चिन्ह चुकलं असतं तर तफावत 54, 2, 36 किंवा 12 यांपैकीच एक आली असती. दुसरं काही आलं तर ती साधी चिन्हाची चूक नाही. समजा तिने −2(x − 3) चं −2x − 3 केलं असतं, तर डावी बाजू 7 आली असती आणि तफावत 9. निम्मं साडेचार, आणि तसं पद कुठेच नाही. म्हणजे तिथे चिन्हाबरोबर दोनने गुणायचंही राहून गेलं असतं. आणि तफावत पुरी 6 आली असती तर ते पद लिहायचंच राहिलं आहे, असा अंदाज बांधता आला असता. या तिन्ही चुकांना ‘चिन्हांकडे लक्ष दे’ हा एकच शेरा कसा चालेल?

खालून वर, मुलीचं उत्तर घेऊन

इथे थांबलात तर अर्धंच काम झालं, कारण एवढ्यावरून आपण तिला सांगू की तिसरी ओळ सुधार म्हणजे उत्तर येईल. ते खरं आहे का?

आता तिचं उत्तर, 11, घ्या आणि खालून वर या. पाचव्या ओळीत 11 बसतं. चौथ्या ओळीत 11 − 5 = 6, आणि उजवीकडे 16. इथे तुटलं. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये आणखी एक चूक आहे. वरून येताना पहिली चूक सापडते, खालून जाताना शेवटची. दोन्ही वाटा एकाच जागी तुटल्या तर चूक बहुधा एकच. वेगवेगळ्या जागी तुटल्या तर किमान दोन, आणि हिच्या वहीत दोन होत्या.

मधल्या भागात तिसरी कुठली लपली असेल तर? त्यासाठी तिची चुकीची तिसरी ओळ घटकाभर खरी मानायची आणि तिथून पुढे आपण नीट सोडवायचं. 3x + 1 − 2x − 6 = 16 म्हणजे x − 5 = 16, म्हणजे x = 21. आता 21 घेऊन पुढच्या ओळी तपासा. चौथ्या ओळीत 21 − 5 = 16, बसलं. पाचव्या ओळीत उजवीकडे 11 आहे, नाही बसलं. म्हणजे तिसरीतून चौथीत ती अगदी बरोबर गेली होती. हे तिला सांगणं फार गरजेचं आहे. नाहीतर एकदा फुली मारली की त्याखालचं सगळंच वाया गेलं असं मुलांना वाटतं. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, तेव्हा कुठली पायरी स्वतःपुरती बरोबर होती ते मुलांनाही ओळखता यायला हवं.

−6 आला कुठून?

जागा सापडली तरी कारण सापडलेलं नसतं, आणि माझ्या मते शिकवणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. −2(x − 3) चं −2x − 6 दोन वेगळ्या कारणांनी होतं.

पहिलं कारण असं की मूल मनात 2(x − 3) म्हणजे 2x − 6 करतं, जे बरोबर आहे, आणि मग बाहेरचं उणे उचलून पुढे लावतं. ते लागतं फक्त पहिल्या पदाला, 6 ला ते पोचतच नाही. दुसरं कारण असं की मूल खरोखरच −2 गुणिले −3 म्हणजे −6 समजतं. वहीत दोन्ही अगदी सारखं दिसतं. उपाय मात्र वेगळे आहेत.

ओळखायला दोन छोटे प्रश्न पुरतात. कागदाच्या कोपऱ्यात (−2) × (−3) लिहून उत्तर विचारा. मग −(x − 6) लिहून कंस सोडवायला सांगा. पहिल्याला +6 आणि दुसऱ्याला −x − 6 आलं तर गुणाकार पक्का आहे, उणे दुसऱ्या पदापर्यंत पोचत नाही एवढंच. पहिल्यालाच −6 आलं तर आज कंस बाजूला ठेवा आणि पूर्णांकांचा गुणाकार घ्या.

या मुलीने गुणाकार चटकन सांगितला आणि कंसात अडकली. मी तिला दुसरी ओळ मोठ्याने वाचायला लावली.

“थ्री एक्स प्लस वन मायनस टू एक्स मायनस थ्री.”

“कंस कुठे गेला?”

ती थांबली. “टू, कंसात एक्स मायनस थ्री.”

“आणि त्या टूच्या आधीचं मायनस कुणाला लागतं?”

“टू एक्सला.” मग बोट कंसाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. “ताई, सगळ्याला?”

मोठ्याने वाचून घेण्याचं कारण हेच. वाचताना कंस गळला की समजायचं, मुलाच्या डोक्यातूनही तो गळला आहे. सेमी-इंग्लिशची मुलं दोन्हीकडे मायनसच म्हणतात. आपल्याकडे दोन शब्द आहेत, वजा आणि उणे, आणि ते वापरून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. ‘x वजा तीन’ ही क्रिया झाली, ‘उणे दोन’ ही संख्या झाली. ‘उणे दोन गुणिले उणे तीन’ असं तोंडाने म्हटलं की अधिक सहा मुलाला आपोआप आठवतं. ‘मायनस टू, मायनस थ्री’ म्हटलं की ती दोन्ही मायनसं नुसती एकामागे एक उभी राहतात.

तिच्यासाठी मी मध्ये एक जास्तीची ओळ घालायला सांगितली:

```
3x + 1 − [2x − 6] = 16
```

आधी दोनने गुणायचं, उत्तर कंसातच ठेवायचं आणि बाहेरचं वजा पुढच्या ओळीत सोडवायचं. एका ओळीत एकच काम. महिनाभर ही ओळ लिहिली की पुढे ती न लिहिताही जमतं.

आणखी एक गोष्ट. अपूर्णांकाची आडवी रेघ हाही कंसच असतो, पण तो दिसत नाही. मूळ गणितात x − 3 भोवती छापलेला कंस बहुतेक वेळा नसतो, तो नुसताच रेघेवर बसलेला असतो. छेद काढताना रेघ जाते, आणि तिच्याबरोबर तिने धरून ठेवलेलं सगळं सुटं होतं. म्हणून वजाच्या पुढे अपूर्णांक दिसला की पहिल्याच ओळीत अंशाला कंस घालायचा, हा आमच्या खोलीतला नियम आहे.

वहीत काय लिहायचं

मी पेन्सिलीने लिहिते. बरोबर ओळींसमोर छोटी खूण, चुकलेल्या पदाभोवती गोल, अख्ख्या ओळीवर फुली नाही. आणि शेजारी पूर्ण वाक्य. या वहीत लिहिलं होतं ते असं:

‘दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर. तिसऱ्या ओळीत −2 ने −3 ला गुणल्यावर +6 यायला हवं, तू −6 लिहिलंस. बाकीची तीन पदं बरोबर. चौथी ओळ तुझ्या तिसऱ्या ओळीवरून नीट आली आहे. पाचव्या ओळीबद्दल उद्या बोलू.’

यात शेवटची बरोबर ओळ कुठली, पद कुठलं, काय हवं होतं आणि काय लिहिलं, हे चारही आलं पाहिजे. तिसऱ्या ओळीचं सुधारलेलं उत्तर मात्र पुढे नेऊन देऊ नका. +6 घालून पुढचं तिने करायचं.

दुसरी चूक मी मुद्दाम दुसऱ्या दिवसावर टाकली. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य बहुतेक मुलांना पाठ असतं, आणि पाचव्या ओळीत ती तेच वापरायला विसरली होती. पण ते वाक्य पुन्हा पाठ करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्या मुलांना ते फार पक्कं पाठ असतं ती −2x = 8 वरून x = 8/2 लिहितात, कारण −2 ही पलीकडे गेला ना! मी तिच्याकडून समासात लिहून घेतलं, ‘दोन्ही बाजूंत 5 मिळवले’. काय केलं ते शब्दांत लिहिलं की 16 − 5 लिहायला हात धजत नाही. आणि −2x = 8 ला ‘दोन्ही बाजूंना −2 ने भागलं’ असं लिहिलं की उत्तर −4 हेच येतं.

ही रीत कुठे फसवते

बरोबर उत्तर घालून पाहण्याची ही रीत एका ठिकाणी हमखास फसते, आणि ते माहीत असायलाच हवं. हे समीकरण पाहा:

```
1)  (2x + 1)/3 − (x − 4)/2 = 3
2)  2(2x + 1) + 3(x − 4) = 18
3)  4x + 2 + 3x − 12 = 18
4)  7x = 28
5)  x = 4
```

दुसऱ्या ओळीत मुलाने मधल्या वजाचं अधिक केलं आहे, हे उघड दिसतं. तरी उत्तर 4 आलं, आणि मूळ समीकरणात ताळा केला तर 9/3 − 0 = 3, म्हणजे उत्तर बरोबर! प्रत्येक ओळीत 4 घाला, प्रत्येक ओळ बसते. कारण x = 4 असताना x − 4 शून्य होतो, आणि शून्याच्या आधी अधिक असो की उणे, काहीच फरक पडत नाही. पुस्तकांतली उत्तरं लहान पूर्णांक असतात, त्यामुळे हे अधूनमधून घडतंच.

उत्तर घातल्यावर एखादा कंस किंवा पद शून्य होत असेल तर दुसरा आकडा घ्या, आणि मग डावी-उजवी न जुळवता वरची डावी बाजू खालच्या डाव्या बाजूशी जुळवा. पहिल्या ओळीवरून दुसरीत जाताना सहाने गुणलं आहे, तेव्हा खालची डावी बाजू वरच्या सहापट यायला हवी. x = 10 घेऊ. वर 21/3 − 6/2 = 7 − 3 = 4, त्याची सहापट 24. खाली 42 + 18 = 60. तफावत 36, निम्मं 18. दुसऱ्या ओळीत 18 किमतीचं काय आहे? 3(x − 4). गोल तिथेच करायचा.

असा आकडा निवडताना 0 आणि 1 टाळा. 0 घातला की x ची सगळी पदं नाहीशी होतात आणि त्यांची चिन्हं तपासलीच जात नाहीत. 1 घातला की 3x आणि 3 सारखेच दिसतात. छेद पुरते जातील असा आकडा मिळाला तर हिशोब तोंडी होतो. इथे 10 म्हणूनच घेतला.

उत्तर बरोबर आलेल्या मुलाच्या वहीत गोल केला की तो नाराज होतो, आणि ते साहजिक आहे. मी वाद घालत नाही. त्याच गणितात x − 4 च्या जागी x − 2 लिहून देते आणि त्याच्याच रीतीने सोडवायला सांगते. 4x + 2 + 3x − 6 = 18, म्हणजे 7x = 22, म्हणजे x = 22/7. मग ताळा त्यालाच करायला सांगते. तो बराच वेळ अपूर्णांकांत गुंततो आणि 3 काही येत नाहीत. तोवर मी त्याच्या कागदाच्या कडेला 10 लिहून ठेवते आणि तो घालून बघ म्हणते: 21/3 − 8/2, सात वजा चार. मग तो स्वतःच वर जाऊन दुसऱ्या ओळीतलं अधिकचं चिन्ह खोडरबराने पुसतो.